मराठी पुस्तकांसाठी किंडल घ्यावे की टॅबलेट?

प्रश्न : निवृत्तीनंतर भरपूर वाचायचे आहे. माझ्याकडे जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफही आहेत. कोणते उपकरण घ्यावे?

उत्तर : तुमच्या बाबतीत निर्णय त्या पीडीएफवरच ठरेल. स्कॅन म्हणजे पानाचे छायाचित्र, त्यातली अक्षरे ई-पुस्तकासारखी वाढवता येत नाहीत. डेमी आकाराचे पान साडेपाच इंच रुंद असते आणि सहा इंची किंडलचा पडदा जेमतेम साडेतीन इंच. म्हणजे १२ पॉइंटचा मजकूर ८ पॉइंटहून बारीक दिसेल, वेलांट्या-अनुस्वार पुसट होतील. त्यासाठी दहा इंची पडदाच हवा.

किंडलच्या दुकानातून घेतलेली मराठी ई-पुस्तके मात्र सहा इंची किंडलवर छान वाचता येतात. ई-इंक पडदा उन्हातही स्पष्ट दिसतो आणि अक्षर हवे तेवढे मोठे होते. पण त्यावर बुकगंगासारखे अ‍ॅप चालत नाही. ही अडचण अँड्रॉइड टॅबलेटवर येत नाही. बूक्स ब्रँडचे दहा इंची ई-इंक टॅबलेट पीडीएफ आणि ई-पुस्तके या दोन्ही गरजा भागवतात, मात्र ते बरेच महाग आहेत.

कोणतेही उपकरण घेण्याआधी ‘दऱ्याखोऱ्या’ आणि ‘उच्छ्वास’ हे शब्द असलेली फाइल त्यावर उघडून पाहा. जोडाक्षरे सुटी पडली किंवा चौकोन दिसले, तर ते उपकरण घेऊ नका.

तुम्ही दहा-अकरा इंची साधा अँड्रॉइड टॅबलेट घ्या. रात्री पडद्याचा उजेड कमी ठेवा.