बूट घेताना आधी टाच बघा

सुरतच्या पर्वत पाटियातून आम्ही घरची मंडळी बागलाणात गेलो होतो. आधी मुल्हेर-मोरा आणि मग साल्हेर-सालोटा, असा सलग बेत होता. तंबू, शिधा, पाणी धरून प्रत्येकाच्या पाठीवर बारा-तेरा किलोंची सॅक. "मामा, ओझं आहे, घोट्याला आधार हवा," म्हणून भाच्याने घोट्याच्या वर येणारे कोरे चामडी बूट घेतले होते.

मुल्हेरवरच त्याची टाच गरम व्हायला लागली. चालता चालता बूट सैल होतील म्हणून तो थांबला नाही. वाघांब्याहून खिंडीत पोचल्यावर मोजा काढला, तर टाचेवरचा फोड फुटून ओला झालेला. टाच वाचवायला तो पावलाच्या कडेवर भार देऊ लागला आणि साल्हेरवाडीच्या उतारावर, मुरमाड घसाऱ्यावर त्याच पायाचा घोटा मुरगळला. उंच बूट पायात असताना!

उंच गळा काट्याखड्यांपासून वाचवतो, थोडा आधारही देतो. पण घोटा सांभाळायचं मुख्य काम करतात ते न पिळवटणारा तळवा आणि टाचेला घट्ट धरणारा मागचा भाग. दुकानात बूट दोन्ही टोकांना धरून पिळून बघा. ओल्या फडक्यासारखा पिळला गेला, तर जड सॅकखाली तो कामाचा नाही. तळवा कडक आणि टाचेची पकड पक्की असेल, तर आपल्याकडच्या कोरड्या दिवसांतल्या दोन-तीन मुक्कामांच्या वाटांना, दहा-बारा किलोंपर्यंत, मी कमी गळ्याचे शूजच सुचवेन. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं. सॅक पंधरा किलोंच्या पुढे, हिमालयातलं बर्फ किंवा मोठ्या दगडांचा पसारा, किंवा घोटा आधी दुखावलेला असेल, तर मात्र उंच बूटच घ्या.

खरेदी संध्याकाळी करा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घाला. नाडी सोडून बोटं पुढे टेकवली की टाचेमागे एक बोट जायला हवं. नाडी बांधून उतारावर उभं राहिल्यावर बोटं पुढे आपटली, तर नखं काळी पडणार हे नक्की.

जाळीचे शूज थोड्याच चालण्यात रुळतात. जाड चामड्याला काही आठवडे द्यावे लागतात. सुरत सपाट, म्हणून इमारतीचा जिना वापरा. आधी घरात, मग रिकाम्या पाठीने आणि शेवटी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढा-उतरा. उतरताना गुडघे कुरकुरायला लागले, तर बाटल्या रिकाम्या करता येतात. चढताना टाच उचलली जात असेल, तर वरच्या दोन भोकांत नाडीचा फासा करून, त्यातून विरुद्ध बाजूची नाडी ओवून आवळा. तरीही टाच हलली, तर तो साचा तुमच्या पायाचा नाही, बूट बदला. वाटेत टाच गरम वाटली, की तिथेच थांबून कोरड्या कातडीवर चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर तीच पट्टी काढताना कातडी सोबत येते.