'अंकुर' वह्यांचा ब्रँड ब्रीफ

माल कोणाला, कोणत्या एका वचनावर विकायचा आणि त्याला पुरावा काय, हे जाहिरात लिहिणाऱ्याला सांगणारे टिपण म्हणजे ब्रँड ब्रीफ. सरावासाठी मी रद्दीपासून केलेल्या कागदाच्या शालेय वह्या कल्पिल्या. 'अंकुर' हे नाव मराठी व कन्नड दोन्ही घरांत कळते.

पहिल्या मसुद्यात मी 'पर्यावरणस्नेही वही' एवढेच वचन लिहिले. ते टिकले नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असा मोघम शब्द खुलाशावाचून व पुराव्यावाचून वापरता येत नाही. म्हणून 'आतील कागद पूर्णपणे रद्दीपासून' असे लिहिले. गिरणीचा दाखला हा त्याचा पुरावा.

वही पालक घेतात, पण तपासतात शिक्षक. रद्दीच्या कागदातील तंतू दर फेरीत आखूड होतात. त्यात खळ कमी पडली तर शाई फुटून मागे उमटते. यावर चांगली खळ आणि ५४ ऐवजी ६० ग्रॅमचा कागद घेतला. मात्र २४ × १८ सें.मी.ची दोनशे पानी वही त्यामुळे सुमारे २६ ग्रॅमने जड होते. सहा वह्यांमागे दप्तरात दीडशे ग्रॅमची भर पडते. पालकांचा हा आक्षेप ब्रीफमध्ये लपवला नाही. उपाय म्हणून शंभर पानी वहीही ठेवली.

शेवटचे वचन असे: 'रद्दीचा कागद, दोन्ही बाजूंनी लिहा.' शिक्षकांना नमुन्याचे पान द्यावे. शाईपेनाने लिहून त्यांनीच ते उलटून पाहावे. शाई दिसली, तर जाहिरात थांबवून कागद बदलावा.