पाठांतर नको, खंडन हवे

प्रश्न : मी भिलाईत नववीला शिकवते. वादविवादात मुले पाठ केलेली भाषणेच म्हणतात. काय करू?

उत्तर : तीन तासिका घ्या. भिलाईचे मैत्रीबाग प्राणिसंग्रहालय डोळ्यांसमोर ठेवून विषय द्या : ‘प्राणिसंग्रहालये बंद करावीत.’ पहिल्या तासिकेत एका वाक्यात दावा लिहायचा : ‘पिंजऱ्यात वाघाचे हाल होतात.’ दुसरीत पुरावा : सुटीत तिथे जाऊन दहा मिनिटांत मोजलेल्या वाघाच्या येरझारा. तिसरीत खंडन : आधी प्रतिपक्षाचा मुद्दा नीट सांगायचा, मगच उत्तर. ‘त्या येरझारा जेवणाच्या वेळेआधीच्या असतील तर?’ हे खंडन; ‘वाघ मजेत असतो’ हा नुसता नकार. परीक्षकाच्या गुणपत्रकात दावा 5, पुरावा 5, खंडन 10 एवढेच रकाने ठेवा. आवेशाला वेगळे गुण दिले, तर पुन्हा पाठांतरच जिंकेल.