पाठभेद आणि चित्रपट : ‘शोले’चे दोन शेवट

ज्ञानेश्वरीच्या अभ्यासात आपण पाठभेद ही संज्ञा पाहिली. एकाच कृतीच्या दोन प्रतींत फरक आढळला, तर अस्सल पाठ कोणता हे ठरवणे हे पाठचिकित्सेचे काम. हाच प्रश्न चित्रपटालाही पडतो. चित्रपटगृहात प्रदर्शित झालेली प्रत एक असते आणि पुढे ‘डायरेक्टर्स कट’, म्हणजे दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेली प्रत, निराळी निघते. रमेश सिप्पी दिग्दर्शित ‘शोले’ हे त्याचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण.

‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झाला. आणीबाणी जाहीर होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. सलीम-जावेद यांच्या मूळ पटकथेत ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून ठार करतो. पूर्वी पोलीस अधिकारी असलेल्या माणसाने कायदा हाती घ्यावा, हे सेन्सॉर मंडळाला मान्य झाले नाही. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. नव्या शेवटात ऐन क्षणी पोलीस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण देतात आणि गब्बरला अटक होते. सचिन पिळगावकर यांनी साकारलेल्या अहमदचा गब्बर करतो तो खूनही कापला गेला. प्रदर्शित प्रतीत गब्बर हातावरचा किडा मारतो आणि पुढच्या दृश्यात घोड्यावरून अहमदचे प्रेत गावात येते.

दोन्ही प्रतींच्या लांबीतला फरक मिनिटांचाच आहे, अर्थातला मात्र मोठा आहे. मूळ शेवटात सूड पुरा होतो आणि ठाकूर कोसळून रडू लागतो. सूडाने त्याच्या हाती काही लागलेले नाही, हे प्रेक्षकाला दिसते. पोलीस आले की हे रडणे अनावश्यक ठरते, आणि चित्रपट कायद्याच्या बाजूने मिटतो. उलट अहमदच्या बाबतीत काटछाटीने, माझ्या मते, लाभच झाला. न दाखवलेला खून प्रेक्षक मनात रचतो, आणि तो अधिक भयंकर होतो. मूळ ते सरस, असे गृहीत धरणाऱ्या विद्यार्थ्याने या दृश्यापाशी थांबावे.

आता खरा ‘शोले’ कोणता? रसिकांचे वाद ऐकले तर ‘खरा’ हा एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरला जात असल्याचे लक्षात येते.

पहिला पक्ष कर्त्याच्या हेतूकडे बोट दाखवतो आणि संहितेतूनच पुरावा काढतो. सापाला हातांनी नव्हे, पायांनी चिरडायचे असते, असे ठाकूर आधीच म्हणालेला असतो. गब्बर आपल्याला जिवंत हवा, हे वचनही त्याने घेतलेले असते. नोकर रामलाल ठाकूरच्या जोड्यांना खिळे ठोकतो, ते दृश्य मूळ प्रतीत आहे. एवढी पूर्वतयारी अटकेसाठी कोण करील? पाठचिकित्सेत याला अंतर्गत पुरावा म्हणतात, आणि तो येथे भक्कम आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला तो अटकेचा ‘शोले’. लोकांच्या तोंडी जे संवाद बसले ते त्यातून. कृती खरी ठरते ती ग्रहणाने. या म्हणण्याला आपल्या परंपरेतच आधार आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तोच पारायणात रूढ झाला. पुढे 1909 मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली, तेव्हा अभ्यासकांत वाद झाले. वारकऱ्यांच्या हातची पोथी मात्र बदलली नाही. (अड्याळ परिसरातील विद्यार्थ्यांना हे सांगणे नको. झाडीपट्टीच्या नाटकात ‘खरे’ नाटक छापील पुस्तकातले की आपण रात्रभर बसून पाहिले ते, हे ज्याने त्याने ठरवावे.)

तिसरा पुरावा भौतिक असतो. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जीर्णोद्धार हाती घेतला तेव्हा मुंबईतील एका गोदामात नाव नसलेल्या डब्यांमधून मूळ निगेटिव्ह मिळाली, काही सामग्री इंग्लंडमधून आली आणि इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत काम झाले. मूळ शेवट आणि वगळलेली दृश्ये असलेली ही प्रत 27 जून 2025 रोजी बोलोन्यातच प्रथम दाखवली गेली. भारतात ती 12 डिसेंबर 2025 रोजी आली. मात्र जुनी फिल्म सापडली, एवढ्याने हेतू सिद्ध होत नाही. चित्रित करून स्वेच्छेने टाकलेले आणि दडपणाने काढलेले, दोन्ही एकाच डब्यात सापडू शकते. निवाडा करायचा तो कापण्याच्या कारणावरून. ‘शोले’चा शेवट बाहेरच्या सक्तीने बदलला, हे दिग्दर्शक व लेखक यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणून येथे दिग्दर्शकाची प्रत हा नंतरचा विचार नसून आधीचा पाठ आहे.

सर्वत्र असे नसते. रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’ची 1982 ची प्रत, 1992 ची ‘डायरेक्टर्स कट’ आणि 2007 ची ‘फायनल कट’ अशा प्रती आहेत. त्यांपैकी 2007 च्या प्रतीवरच स्कॉट यांचे पूर्ण नियंत्रण होते. ‘डायरेक्टर्स कट’ हे नाव वेष्टनावरचे आहे, पुरावा नव्हे.

स्वयंअध्ययन : ‘शोले’चे दोन्ही शेवट पाहा. पोलीस अधिकाऱ्याचे ठाकूरशी झालेले बोलणे आपल्या शब्दांत लिहा, आणि चित्रपटातील त्याआधीच्या कोणत्या प्रसंगांनी त्याची तयारी केली आहे, ते शोधा. एकही प्रसंग सापडला नाही, तर त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो आणि कोणता निघत नाही, ते दहा ओळींत मांडा.