रात्रीचा जॉब अर्ध्यावर मेला तर?

‘टेस्टिंगला गेली तर मुलीला रात्रपाळी करावी लागेल का?’ असं पालक हमखास विचारतात. रात्री चालणाऱ्या बॅच जॉबवर पहारा ठेवणारी सपोर्टची माणसं बहुधा वेगळी असतात. टेस्टर तोच जॉब दिवसा, टेस्ट सर्व्हरवर, मुद्दाम बिघडवून बघतो.

बँकेचंच घ्या. १ एप्रिल २०१० पासून आपल्याकडे बचत खात्याचं व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात. दिवस संपला की एक जॉब प्रत्येक खात्याचं त्या दिवसाचं व्याज मोजून ठेवतो.

हा सराव घरच्या लॅपटॉपवरही होतो. लिनक्स आणि पोस्टग्रेससारखा डेटाबेस पुरे. १,००० खाती तयार करा, प्रत्येकात ३६,५०० रुपये, व्याज ४ टक्के. म्हणजे खात्यामागे रोज ४ रुपये, एकूण ४,०००. जॉब दर ५० खात्यांनंतर नोंदी पक्क्या करतो असं धरू. ४३७व्या खात्यावर असताना तो `kill -9` ने मारा. पक्की झालेली खाती ४००, व्याज १,६०० रुपये.

आता तोच जॉब पुन्हा चालवा. एकूण ५,६०० आले, तर तो पहिल्यापासून सुरू झाला आणि ४०० जणांना दुप्पट व्याज मिळालं. ३,८०० आले, तर ‘४५० पर्यंत झालं’ ही खूण नोंदी पक्क्या होण्याआधीच लिहिली गेली आणि मधली ५० खाती सुटली. खूण आणि नोंदी एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये हव्यात, हे इथे कळतं. मात्र नुसत्या बेरजेवर विसंबू नका. ५० खाती सुटली आणि दुसऱ्या ५० ना दोनदा मिळालं, तरी बेरीज ४,००० च येते. म्हणून प्रत्येक खात्याला त्या तारखेची एकच नोंद आहे ना, हे क्वेरीने तपासा. दुहेरी नोंद डेटाबेसनेच अडवावी यासाठी टेबलवर हे बंधन लागतं:

```
UNIQUE (account_no, business_date)
```

एक जॉब लांबला आणि दुसरा वेळेवर सुरू झाला तर? क्रॉन आधीचा संपला का, हे बघत नाही. `flock -n` लावलं की दुसरा तिथल्या तिथे माघारी जातो. पण वेगवेगळ्या दोन सर्व्हरवर, प्रत्येकाची लॉक फाइल आपापल्या डिस्कवर असेल, तर ते कुलूप उपयोगाचं नाही. तिथे वरचं बंधनच कामी येतं.

मुलाखतीत मी चुकलेल्या रात्रीबद्दल आवर्जून विचारते. सर्व्हर ३० तारखेला रात्रभर बंद होता. मशीन बंद असताना चुकलेली वेळ क्रॉन नंतर भरून काढत नाही, म्हणून जॉब सकाळी हाताने चालवला. त्याने घड्याळातली तारीख घेतली, तर ३० चं व्याज ३१ च्या नावावर पडतं, आणि ३१ च्या रात्रीचा खरा जॉब त्याच बंधनावर आपटतो. म्हणून तारीख जॉबला बाहेरून द्यावी लागते. ‘कोणत्या दिवसासाठी चालवायचा?’ असा उलट प्रश्न जो उमेदवार मला विचारतो, त्याच्याशी मी पुढे बराच वेळ बोलते.