लेखी करार आणि पक्षांची वर्तणूक

‘लेखी दुरुस्तीखेरीज बदल ग्राह्य नाही’ असे कलम पुरवठा करारांत सर्रास आढळते. मुदत मात्र बहुधा दूरध्वनीवरच वाढते.

समजा, दरमहा 10 तारखेस 500 खुर्च्या द्यावयाच्या असून वेळ हा कराराचा गाभा आहे. तीन हप्ते 20 तारखेस आले. खरेदीदाराने ते निमूटपणे स्वीकारले आणि शेवटी विलंबापोटी बिलातून रक्कम कापली. करार अधिनियम, 1872 चे कलम 55 येथे पुरवठादाराच्या मदतीस येते. माल स्वीकारतानाच भरपाईचा इरादा कळविला नसेल, तर ती नंतर मागता येत नाही. पोचपावतीवर ‘हक्क राखून’ असा शेरा असल्यास मात्र पारडे फिरते. कलम 63 खालील मुदतवाढीस उभयपक्षी संमती लागते. ती वर्तणुकीवरूनही सिद्ध होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये म्हटले. ‘लेखीच’ हा आग्रहही वर्तनाने सोडता येतो, परंतु पुरावा स्पष्ट हवा.

ही सवलत झालेल्या हप्त्यांपुरतीच असते. वाजवी पूर्वसूचना देऊन खरेदीदार चौथ्या हप्त्यापासून 10 तारीख पुन्हा लागू करू शकतो. शासकीय करारांत संविधानाचा अनुच्छेद 299 विहित औपचारिकता मागतो. तेथे अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबणे धोक्याचे ठरते.