VLOOKUP चुकतं, पण सांगत नाही: चकलीचा दर शंकरपाळीचा कसा झाला?

व्हिडिओमध्ये VLOOKUP चा चौथा भाग घाईघाईत झाला आणि खाली सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. म्हणून आज फक्त तेवढंच घेऊ, पण नीट. सोबत एक्सेल उघडून ठेवा. खालची सात ओळींची यादी टाइप करून बघितलीत तर वाचण्यापेक्षा लवकर समजेल.

आमच्या बॅचमधल्या एक ताई घरून फराळाच्या ऑर्डर घेतात. दिवाळीआधी त्यांनी एक्सेलमध्ये बिल तयार केलं. एका शीटवर दर (नाव Rates), दुसऱ्यावर बिल. बिलात कोड टाकला की दर आपोआप यायला हवा. पदार्थाचं नाव आणि किलो त्या हाताने लिहायच्या. Rates शीट अशी होती:

| कोड | पदार्थ | दर (₹ प्रति किलो) |
|---|---|---|
| १०१ | चिवडा | २८० |
| १०५ | शेव | ३०० |
| १०३ | चकली | ४४० |
| १०२ | शंकरपाळी | ३२० |
| १०७ | करंजी | ६०० |
| १०४ | बेसन लाडू | ५६० |
| १०६ | अनारसे | ६४० |

कोड मागे-पुढे आहेत, कारण जसजसे पदार्थ आठवले तसतसे त्या लिहीत गेल्या. आपण सगळे असंच करतो. बिलातल्या दराच्या रकान्यात हा फॉर्म्युला होता:

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$C$8,3)
```

ताईंनी चिवडा टाकून बघितला, २८० आले. शंकरपाळी टाकली, ३२० आले. दोन्ही बरोबर. मग फॉर्म्युला खाली ओढला आणि कामाला लागल्या.

चार दिवसांनी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, शेव ५६० रुपये किलो कधीपासून?" त्यांनी माफी मागितली, त्या ओळीत हाताने ३०० लिहिले आणि विषय संपला असं समजल्या. पण चकली ४४० ऐवजी ३२० ने जात होती, त्याबद्दल कोण फोन करणार? स्वस्त मिळालं तर गिऱ्हाईक गप्पच बसतं. करंजीला ६०० च्या जागी ६४० लागत होते, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. हिशेब बसेना म्हणून त्यांनी फाइल मला पाठवली तोपर्यंत २५ किलो चकली गेली होती. किलोमागे १२० रुपये, म्हणजे ३,००० रुपये गेले. आणि कुठल्याही सेलमध्ये लाल खूण नाही, #N/A नाही, काही नाही.

आता बघू या आत काय घडलं.

VLOOKUP ला चार गोष्टी सांगायच्या असतात: काय शोधायचं, कुठे शोधायचं, कितव्या रकान्यातलं उत्तर हवं, आणि चौथी, तंतोतंत जुळणी हवी की अंदाजे. ताईंनी चौथी लिहिलीच नाही. आपण ती लिहिली नाही की एक्सेल स्वतःच TRUE धरतं, म्हणजे अंदाजे जुळणी. सगळा घोळ इथे आहे.

अंदाजे म्हणजे "जवळपासचं काहीतरी" असं नाही हं. त्याचा नियम अगदी पक्का आहे: शोधलेल्या आकड्याएवढा किंवा त्याच्याहून लहान असलेल्यांपैकी सगळ्यात मोठा आकडा घे. आणि हे करताना एक्सेल धरून चालतं की पहिला रकाना लहानाकडून मोठ्याकडे लावलेला आहे. तसा तो आहे की नाही, हे ते तपासत नाही.

क्रम लावलेला आहे असं धरल्यामुळे ते वरून एकेक ओळ वाचत बसत नाही. डिक्शनरीत शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो, शब्द पुढे असेल तर मागची अर्धी डिक्शनरी सोडून देतो. तसंच ते करतं. चकलीचा कोड १०३ घेऊन आपणही एक्सेलच्या मागोमाग जाऊ.

सात ओळींच्या मधोमध चौथी ओळ, तिथे १०२. आपल्याला १०३ हवा, तो मोठा, म्हणून वरच्या ओळी सोडल्या. (खरा १०३ तिसऱ्या ओळीत होता. तो आत्ताच हातातून गेला!) उरल्या पाचवी, सहावी, सातवी. त्यांच्या मधली सहावी, तिथे १०४. तो १०३ पेक्षा मोठा, म्हणून वर सरकायचं. पाचव्या ओळीत १०७, तोही मोठा. आता खाली काही नाही, वर काही नाही. मग शेवटचा लहान सापडलेला कोणता? चौथ्या ओळीतला १०२. त्याचा दर ३२०. दिला.

शेवेचा १०५ असाच करून बघा. चौथी ओळ १०२, लहान, खाली चला. सहावी १०४, लहान, खाली चला. सातवी १०६, मोठा. म्हणून सहावीवर परत, बेसन लाडवाचे ५६०.

पण १०१, १०२, १०४ आणि १०६ हे चार कोड शोधले तर उत्तर बरोबर येतं. या वाटेवर चालताना ते योगायोगाने सापडतात. म्हणजे सातपैकी चार बरोबर, तीन चूक. ताईंनी तपासायला घेतलेले दोन नेमके बरोबरवाले निघाले. दोन ओळी तपासून "चालतंय" म्हणायची आपली सवय इथे अंगाशी येते. सगळंच चुकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं!

दुरुस्ती एका शब्दाची आहे:

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$C$8,3,FALSE)
```

FALSE म्हणजे तंतोतंत जुळलं तरच दे. क्रम कसाही असो, चालतं. FALSE च्या जागी 0 लिहिलं तरी तेच.

"सर, त्यापेक्षा यादी सॉर्ट केली तर?" हा प्रश्न येतोच. सॉर्ट केल्यावर या सातही कोडचे दर बरोबर येतील, खरं आहे. पण बिलात चुकून ११० टाइप झालं, तर? असा कोड यादीत नाही. तरीही अंदाजे जुळणी ११० पेक्षा लहान असलेला सगळ्यात मोठा, म्हणजे १०७ पकडेल आणि करंजीचे ६०० लावून मोकळी होईल. FALSE असेल तर #N/A येईल. #N/A दिसला की लोक घाबरतात, पण मला तो आवडतो. निदान तो तोंडावर सांगतो की हा कोड यादीत नाही.

आणि म्हणूनच पुढचा फॉर्म्युला मला आवडत नाही. बिल छान दिसावं म्हणून बरेच जण हा वापरतात:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,Rates!$A$2:$C$8,3,FALSE),0)
```

समजा कोड व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केला आणि तो सेलमध्ये आकडा म्हणून न बसता मजकूर म्हणून बसला. दिसायला १०३, पण एक्सेलच्या दृष्टीने आकडा १०३ आणि मजकूर १०३ वेगळे. जुळणी होत नाही, IFERROR ती चूक झाकतं, दर शून्य होतो आणि दोन किलो चकली फुकट जाते. शून्याच्या जागी "कोड तपासा" असं लिहा. मग किलो गुणिले दर करताना पुढे #VALUE! येतो, बिलाची बेरीजही अडते, आणि ते बिल तुम्ही पाठवूच शकत नाही. तेच हवंय आपल्याला.

मग अंदाजे जुळणी ठेवलीच कशाला? कारण टप्प्यांच्या दरांना तीच लागते. ताई दुकानदारांना किलोप्रमाणे सूट देतात: ० पासून सूट नाही, १० पासून ५ टक्के, २५ पासून ८ टक्के, ५० पासून १२ टक्के. कोणी २४.५ किलो घेतलं तर हा आकडा तक्त्यात नाही. FALSE लावलं तर #N/A. इथे TRUE च हवं, ते १० च्या टप्प्यावर थांबून ५ टक्के देतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पहिल्या रकान्यात टप्पा जिथून सुरू होतो तो आकडा एकटा लिहायचा, "१० ते २५" असं नाही, आणि सुरुवात ० पासून करायची. क्रम चढताच हवा.

हा क्रम कधी बिघडतो? नवीन टप्पा आला की. ताईंनी नंतर "५ किलोपासून ३ टक्के" ठरवलं आणि ती ओळ सवयीने सगळ्यात खाली लिहिली: ०, १०, २५, ५०, ५. फॉर्म्युल्याची हद्दही एका ओळीने वाढवली. आता ६० किलोवाला दुकानदार घ्या. मधला २५, लहान, खाली चला. ५० लहान, खाली चला. ५ सुद्धा लहान, आणि यादी संपली. उत्तर ३ टक्के, १२ नाही! इकडे ७ किलोवाल्याला, ज्याच्यासाठी तो टप्पा घातला, त्याला शून्य. म्हणून या तक्त्यात ओळ घातली की लगेच सॉर्ट.

ज्यांच्याकडे एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे, त्यांना XLOOKUP मिळतं. त्यात काही न लिहिता तंतोतंत जुळणीच होते:

```
=XLOOKUP(A2,Rates!$A$2:$A$8,Rates!$C$2:$C$8)
```

२०१६ आणि २०१९ मध्ये हे नाही, त्यामुळे फाइल सीएकडे पाठवणार असाल तर त्यांच्याकडचं एक्सेल कोणतं ते आधी विचारा. INDEX आणि MATCH वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. MATCH चा तिसरा भाग सोडला तर तेही अंदाजेच शोधतं, तिथे 0 लिहावं लागतं. गूगल शीट्समधल्या VLOOKUP चंही तसंच.

आता तुमची जुनी फाइल. Ctrl+F दाबा, Options मध्ये Look in ला Formulas निवडा, Within ला Workbook, आणि VLOOKUP शोधून Find All करा. खाली सगळे फॉर्म्युले यादीत दिसतात. ज्यांच्या शेवटी FALSE किंवा 0 नाही ते वेगळे काढा. टप्प्यांचे असतील तर ठीक, बाकीचे संशयित.

संशयित फॉर्म्युल्याने आजवर किती नुकसान केलं हे बघायचं असेल तर लगेच दुरुस्त करू नका. बाजूच्या रिकाम्या रकान्यात हे लिहा:

```
=VLOOKUP(A2,Rates!$A$2:$C$8,1)=A2
```

इथे आपण दराऐवजी पहिला रकाना, म्हणजे खुद्द कोडच मागतोय. जो कोड दिला तोच परत आला तर TRUE. FALSE आला तर त्या ओळीचा दर दुसऱ्याच पदार्थाचा आहे. ताईंच्या फाइलमध्ये चकली, शेव आणि करंजी यांच्या प्रत्येक ओळीसमोर FALSE आला. त्या ओळी फिल्टर करून फरक काढला. चकलीचे ३,००० सोडून दिले. १० किलो करंजीवर जास्त घेतलेले ४०० रुपये मात्र त्यांनी ज्या त्या गिऱ्हाइकाला पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करून दिले.